मेळ्याची मांडणी: खाण्याच्या स्टॉलची रांग गल्लीत येऊ नये म्हणून

पहिल्यांदाच मेळा भरवणाऱ्या मंडळींचा नकाशा पाहिला की त्यात स्टॉलचे चौकोन नीट आखलेले असतात, त्यांना नंबर दिलेले असतात, गेट आणि स्वच्छतागृहंही दाखवलेली असतात. रांग मात्र कुठेच नसते. प्रत्यक्षात गल्ली अडते ती स्टॉलमुळे नाही, स्टॉलपुढे उभ्या राहिलेल्या माणसांमुळे. त्यातही सगळे स्टॉल सारखे त्रास देत नाहीत. वस्तूंच्या स्टॉलपुढे माणूस थांबतो, बघतो आणि पुढे सरकतो. खाण्याच्या स्टॉलपुढे तो आधी पैसे द्यायला थांबतो, मग पदार्थ तयार व्हायला थांबतो आणि शेवटी खायलाही तिथेच थांबतो. पन्नासेक स्टॉलच्या मेळ्यात असे खरे गर्दीखेचक स्टॉल दोन-तीनच असतात. त्यांची सोय आधी लावली तर बाकीचा नकाशा फारसा त्रास देत नाही. म्हणून हा लेख मुख्यतः त्या दोन-तीन स्टॉलबद्दल आहे.

हाताशी काय हवं:

- मैदानाचा मापं टाकलेला नकाशा. झाडं, खांब, चर, उतार आणि गेटची रुंदी त्यात दाखवलेली हवी
- प्रत्येक स्टॉलची माहिती: लांबी-रुंदी, काउंटर किती बाजूंनी उघडा, विजेची गरज, शेगडी आणि सिलिंडर आहे का, एका ऑर्डरला लागणारा वेळ
- जागामालक, पोलीस आणि अग्निशमन विभाग यांच्या परवानग्या आणि त्यातल्या अटी (मोकळ्या वाटेची रुंदी, दोन स्टॉलमधलं अंतर वगैरे). या अटी आणि खालचे आकडे जुळले नाहीत तर अटीच पाळायच्या
- लांब टेप, सुतळी, खुंट्या, फक्की, आलेखाचा कागद
- रांगेसाठी हलके खांब आणि दोऱ्या, हातात धरायच्या दोन-तीन उंच पाट्या

१. आधी गर्दीखेचक स्टॉल ओळखा

अर्जांचा गठ्ठा आला की मी त्याचे तीन भाग करतो. पहिला वस्तूंचा. दुसरा झटपट खाण्याचा, म्हणजे बाटलीबंद पेयं, पॅकबंद पदार्थ, आधीच तयार करून ठेवलेलं काहीही. तिसरा समोर बनवून गरम देणाऱ्यांचा. अडचण या तिसऱ्या गठ्ठ्यात असते, पण त्यातले सगळे अडचणीचे नसतात. मागणी मोठी आणि हात सावकाश, असे दोन्ही ज्यांच्याकडे असतात तेच गल्ली अडवतात. मागणी मोठी असली तरी अर्ध्या मिनिटात दोन ऑर्डरी काढणारा स्टॉल रांग वाढूच देत नाही.

एका ऑर्डरला किती वेळ लागतो हे स्टॉलवाल्याला विचारा, पण त्याच्या उत्तरावर नकाशा बेतू नका. तो सांगतो तो वेळ सगळं सुरळीत चालू असतानाचा असतो; सुटे पैसे शोधणं, ‘थांबा, अजून एक वाढवा’ म्हणणारं गिऱ्हाईक, मध्येच बदलावी लागणारी भांडी हे त्यात धरलेलं नसतं. तो दुसरीकडे कुठे स्टॉल लावत असेल तर गर्दीच्या वेळी जाऊन लागोपाठ दहा ऑर्डरी घड्याळावर मोजा आणि सरासरी काढा. मोजताना ऑर्डर किती जणांची आहे तेही बघा, कारण मेळ्यात माणूस एकटा क्वचित येतो आणि रांगेत सहसा सगळा गट उभा राहतो.

२. एका स्टॉलला खरी किती जागा लागते ते काढा

हा हिशेब सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून एक उदाहरण सावकाश सोडवू.

स्टॉल आहे ३ मीटर बाय ३ मीटरचा, म्हणजे ९ चौरस मीटर. एका ऑर्डरला ४० सेकंद लागतात, म्हणजे मिनिटाला दीड ऑर्डर निघते. गर्दीच्या तासात मिनिटाला दोन ऑर्डरी येतात. एका ऑर्डरमागे सरासरी अडीच माणसं.

पहिली रांग पैसे देण्याची. दर मिनिटाला अर्धी ऑर्डर मागे पडत जाते. तासाभरात ३० ऑर्डरी, म्हणजे ७५ माणसं रांगेत उभी असतात. एकामागे एक उभे राहिले तर एका मीटरमध्ये साधारण दोन माणसं मावतात, तेव्हा रांग झाली ३७ मीटरच्या आसपास. ती गल्लीच्या कडेने सरळ गेली तर शेजारचे दहा स्टॉल तिच्यामागे झाकले जातात. गल्ली आडवी ओलांडून गेली तर वाटच बंद होते. हीच रांग मीटरभर रुंदीच्या चार पट्ट्यांत नागमोडी वळवली, तर ती १० मीटर बाय ४ मीटरच्या चौकटीत बसते. म्हणजे ४० चौरस मीटर.

दुसरा घोळका पदार्थ मिळायची वाट बघणाऱ्यांचा. इथे रांगांच्या शास्त्रातला एक साधा नियम कामी येतो. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये त्याची सिद्धता दिली. एखाद्या ठिकाणी सरासरी किती जण थांबलेले असतील हे काढायचं तर मिनिटाला किती येतात याला प्रत्येक जण किती मिनिटं थांबतो याने गुणायचं. पैसे दिल्यापासून पदार्थ हातात पडेपर्यंत चार मिनिटं लागत असतील तर दीड गुणिले चार, म्हणजे सहा ऑर्डरी आणि त्यांची पंधरा माणसं. प्रत्येकाला एक चौरस मीटर धरा: १५.

तिसरा घोळका खाणाऱ्यांचा. उभ्याने खायला दहा मिनिटं धरली तर दीड गुणिले दहा गुणिले अडीच, म्हणजे ३७-३८ माणसं. हातात गरम पदार्थ असताना माणसाला थोडी ऐसपैस जागा लागते आणि कचरापेटीही तिथेच ठेवायची असते, म्हणून ४० चौरस मीटर धरा.

बेरीज झाली ९५. स्टॉल ९ चौरस मीटरचा आणि त्याची माणसं ९५ चौरस मीटरची. अर्जात स्टॉलवाला फक्त पहिला आकडा लिहितो. दुसरा तुम्हाला काढावा लागतो. आलेखाच्या कागदावर स्टॉलच्या चौकोनापुढे हे तीन तुकडेही मापाने रंगवा. ते गल्लीवर चढत असतील तर स्टॉल तिथे नको.

आता यातला एक सापळा. बरेच आयोजक रांग कमी करायला स्टॉलवाल्याला दुसरा पैसे घेणारा माणूस बसवायला सांगतात. पैसे घ्यायलाच वेळ लागत असेल तर उपाय बरोबर आहे. पण वेळ शेगडीवर जात असेल तर पैशाची रांग पटापट संपते आणि तीच माणसं टोकन हातात घेऊन काउंटरभोवती गोळा होतात. रांगेला निदान शेपूट असतं, ती वळवता येते. कोंडाळं वळवता येत नाही, कारण आपला नंबर हुकेल या भीतीने कुणी हलायला तयार नसतं. म्हणून टोकन शेगडीच्या वेगानेच द्यायला लावा. वेग वाढवायचाच असेल तर दुसरी शेगडी आणि तिच्यामागे उभा राहणारा माणूस वाढवा, किंवा गर्दीच्या तासापुरते पदार्थांचे प्रकार कमी करा. प्रकार कमी केले की ऑर्डर सांगायला आणि बनवायला लागणारा वेळ दोन्ही घटतात. स्टॉलवाले यावर कुरकुरतात, पण विक्री कमी होत नाही हे त्यांना पहिल्याच संध्याकाळी कळतं.

३. गल्लीची रुंदी ठरवा

गल्लीच्या दोन्ही बाजूंना स्टॉल असतील तर दोन्हीकडे एकेक मीटर बघणाऱ्यांसाठी सोडा. ती जागा चालण्यात धरायचीच नाही. मधल्या भागात दोन जोड्या समोरासमोरून सहज जाव्यात. चार माणसांना प्रत्येकी पाऊण मीटर धरलं तर तीन मीटर होतात. एकूण झाले पाच. लहान मुलांच्या गाड्या, चाकाच्या खुर्च्या येणार असतील आणि जागा असेल तर सहा करा. एकाच बाजूला स्टॉल असतील तर चार मीटर चालतात.

उलट चूकही पाहायला मिळते. दहा-बारा मीटरची ऐसपैस गल्ली ठेवली की माणसं एका बाजूने चालतात, समोरच्या बाजूचे स्टॉल त्यांच्या नजरेत येत नाहीत, आणि मग तिकडचे स्टॉलवाले आपली टेबलं मध्यावर आणून मांडतात.

माप घेताना छपराच्या कडेपासून घ्या, टेबलापासून नाही. मंडपाचे ताणाचे दोर आणि खुंट्या सहज अर्धा मीटर खातात आणि अंधारात लोक त्यांना अडखळतात. पुढे झुकलेलं छप्पर डोक्याच्या उंचीवर असेल तर त्याखालची जागा नकाशात मोकळी दिसली तरी चालायच्या कामाची नसते.

४. गर्दीखेचक स्टॉल एकमेकांपासून दूर ठेवा

नियम थोडेच आहेत. गेटजवळ नको. गल्ल्यांच्या चौकात नको. दोन गर्दीखेचक समोरासमोर नकोत, कारण दोन्ही रांगा एकाच गल्लीत उतरतात. आणि तिन्ही एकाच टोकाला नकोत, नाहीतर सगळा मेळा तिकडे कलतो.

गेटजवळचा स्टॉल सगळ्यांनाच हवा असतो, आणि ती जागा जास्त भाड्याने सगळ्यात लोकप्रिय खाण्याच्या स्टॉलला देण्याचा मोह आयोजकांना होतो. तो टाळा. आत येणारा माणूस पहिल्या काही पावलांत थबकतो, सोबतचे आले का बघतो, कुठे जायचं ते ठरवतो. तिथेच रांग असली की मागचे गेटातच तुंबतात. गेटपासून दहा मीटरपर्यंत काहीच मांडू नका. त्यापुढे वस्तूंचे स्टॉल किंवा झटपट पेयांचे स्टॉल चालतील.

गर्दीखेचक स्टॉल लांब ठेवण्याचा दुसरा फायदा मागच्या स्टॉलवाल्यांना होतो. लोक त्याच्यासाठी शेवटपर्यंत चालत जातात आणि वाटेत बाकीचे स्टॉल बघतात. ‘आम्हाला मागे का टाकलं’ म्हणून भांडायला आलेल्यांना नकाशावर त्यांच्या शेजारी कोण आहे ते दाखवा, बरेचसे वाद तिथेच मिटतात. पाळणे, मंच, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृहं हीदेखील माणसं ओढणारी ठिकाणं आहेत. तीही रांगेच्या शेपटाला लागून ठेवू नका.

५. काउंटरचं तोंड फिरवा

दूर ठेवूनही रांग गल्लीत येऊ शकते, कारण काउंटर गल्लीकडे तोंड करून असतो आणि माणूस जिथून येतो तिथेच रांगेला लागतो. वस्तूंच्या स्टॉलचं तोंड गल्लीकडे हवंच. गर्दीखेचक खाण्याच्या स्टॉलचं नको. त्याचा काउंटर गल्लीला काटकोनात किंवा गल्लीकडे पाठ करून ठेवा, रांग त्या काउंटरपुढच्या मोकळ्या जागेत घ्या, आणि गल्लीच्या बाजूने पदार्थांची पाटी तेवढी लावा. पाटी लांबून दिसली की लोक वळसा घालून येतात.

रांग आखताना सुरुवात शेपटापासून करा. नागमोडी चौकट भरली आणि तरी माणसं येत राहिली तर पुढचा माणूस कुठे उभा राहील? ती जागा गल्लीत येत असेल तर चौकटीचं प्रवेशतोंड दुसऱ्या बाजूला न्या, म्हणजे वाढलेली रांग मैदानाच्या कडेला किंवा मोकळ्या भागात जाईल. पैसे घेण्याची आणि पदार्थ देण्याची खिडकी स्टॉलच्या वेगवेगळ्या बाजूंना ठेवा. ज्याच्या हातात पदार्थ आला त्याला रांग चिरत परत यावं लागता कामा नये. त्याची वाट पुढेच, खायच्या जागेकडे गेली पाहिजे.

रांगेला दोऱ्या आणि हलके खांब पुरतात. घट्ट रोवलेले लोखंडी कठडे लावू नका. गडबड झाली तर माणसाला कडेने बाहेर पडता आलं पाहिजे, आणि दोरी कुणीही वर उचलू शकतो.

६. एक मैदान मांडून पाहू

मैदान ६० मीटर रुंद आणि ८० मीटर लांब. गेट पुढच्या ६० मीटरच्या बाजूला मध्यावर. स्टॉल ४८, सगळे ३ बाय ३ चे. त्यातले १२ खाण्याचे आणि त्या बारातले तीन गर्दीखेचक.

आधी डावी, उजवी आणि मागची कड ४ मीटर सोडून द्या. ही सेवेची वाट: सामान, पाणी, सांडपाणी, विजेच्या वायरी, गरज पडली तर रुग्णवाहिका. अग्निशमन विभागाने जास्त रुंदी मागितली तर तेवढी द्या. प्रेक्षकांना इथे प्रवेश नाही. पुढचे १० मीटर मोकळं अंगण. मागचा १२ मीटरचा पट्टा वेगळा राखून ठेवा. त्यातले ४ सेवेच्या वाटेत गेले की ८ मीटर उरतात.

आता मधल्या ५८ मीटर लांबीत डाव्या आणि उजव्या कडेला १४-१४ स्टॉल, तोंड आत. प्रत्येकाला शेजारच्या फटीसकट साडेतीन मीटर धरले तर ४९ मीटर होतात. उरलेल्या नऊ मीटरमध्ये प्रत्येक बाजूला दोन रुंद फटी सोडा, आणीबाणीत माणसं तिथून कडेला निघू शकतात. या स्टॉलपुढे चारही बाजूंनी ६ मीटरची गल्ली फिरते. गल्लीच्या आत ३४ बाय ४६ मीटरचं बेट उरतं. बेटाच्या डाव्या आणि उजव्या कडेला मिळून १७ स्टॉल, तोंड बाहेर गल्लीकडे, मध्ये पाच-पाच मीटरच्या वाटा. हे झाले ४५.

राहिले तीन. पहिला आणि दुसरा मागच्या पट्ट्याच्या दोन कोपऱ्यांत. स्टॉल अगदी कोपऱ्यात आणि काउंटरचं तोंड पट्ट्याच्या मध्याकडे, म्हणजे गल्लीला काटकोनात. त्याच्यापुढे १० बाय ४ ची नागमोडी रांग गल्लीला समांतर, मध्ये दोरी. रांगेची बाजू मागच्या कडेला आणि पदार्थ घेण्याची खिडकी गल्लीच्या बाजूला ठेवली तर वाट बघणाऱ्यांची जागा रांगेच्या शेजारी बसते, आणि तिथूनच पट्ट्याच्या मध्याकडे खायची जागा सुरू होते. प्रत्येक बाजूला २० बाय ८, म्हणजे १६० चौरस मीटर आहेत. गरज ९५ ची, त्यामुळे वाढलेली रांगही पट्ट्यातच राहते. दोन्ही जागांच्या मधोमध बाहेर पडण्याचं गेट आहे, त्याच्यासमोर काहीच नको.

तिसरा स्टॉल बेटाच्या पोटात, गेटकडे पाठ करून. आत येणाऱ्याला त्याच्या पाठीवरची मोठी पाटी दिसते, पण रांग पलीकडच्या बाजूला आहे. तिथवर जायला तो डावी किंवा उजवी गल्ली धरतो, वाटेत स्टॉल बघतो आणि बेटाच्या वाटेने आत वळतो. त्यामुळे गेटासमोर सरळ धाव राहत नाही आणि गर्दी आपोआप दोन गल्ल्यांत विभागली जाते. बेटाच्या पोटात बसायला बाकं आणि सावलीही करता येते.

उरलेले नऊ खाण्याचे स्टॉल एकत्र खाऊगल्लीत कोंबू नका. तीन-तीनचे गट करून डाव्या कडेला, उजव्या कडेला आणि बेटावर वाटा. एवढंच बघा की शेगडीवाले स्टॉल बाहेरच्या कडेला, सेवेच्या वाटेला लागून येतील आणि धूर वस्तूंच्या स्टॉलवर जाणार नाही. संध्याकाळी वारा कुठून असतो ते मांडणीच्या आधी मैदानात उभं राहून बघा. कापडाच्या स्टॉलवाल्याशी नंतर भांडण्यापेक्षा ते सोपं.

७. फक्की मारा आणि चालून बघा

स्टॉल उभे राहण्याआधी सगळं जमिनीवर फक्कीने आखा: स्टॉल, गल्ल्या, आणि रांगांच्या चौकटीसुद्धा. रांगेची चौकट आखली नाही तर मंडप घालणारा ती मोकळी जागा समजून तिथे जनरेटर ठेवतो. मग वीस-पंचवीस स्वयंसेवक घ्या, एका चौकटीत रांग लावा, बाकीच्यांना मुलांची गाडी ढकलत बाजूने जायला सांगा. झाडाचा बुंधा आणि जमिनीतला उंचवटा नकाशावर लक्षात येत नाही, इथे लगेच येतो.

स्टॉल देताना लेखी घ्या की रेषेच्या पुढे टेबल, पाटी किंवा खुर्ची येणार नाही आणि जागेची आपसात अदलाबदल होणार नाही. अदलाबदलीचं कलम किरकोळ वाटतं, पण कोपऱ्यातला गर्दीखेचक ओळखीने गल्लीच्या मध्यावर आला तर वरचा सगळा हिशेब वाया जातो.

८. मेळा सुरू असताना काय बघायचं

गर्दी मोजायला यंत्र लागत नाही. ३ मीटरचा स्टॉल हेच तुमचं माप. त्याच्या लांबीएवढा आणि गल्लीत तेवढाच आत शिरलेला चौकोन मनात धरा, म्हणजे ९ चौरस मीटर, आणि त्यातली डोकी मोजा. दहाच्या आत असतील तर लोक निवांत फिरताहेत. अठराच्या आसपास, म्हणजे चौरस मीटरला दोन झाली, की चाल मंदावते आणि वस्तूंचे स्टॉल बघणं थांबतं. सत्तावीसच्या आधीच काहीतरी करायला हवं. छत्तीस, म्हणजे चौरस मीटरला चार, इथे माणसाला मोकळेपणाने हलता येत नाही. तिथवर गोष्ट जाऊच द्यायची नाही.

डोकी मोजण्याआधीही काही खुणा दिसतात. लोक खांदा पुढे करून तिरके चालायला लागतात. मुलाची गाडी थांबते आणि मागे वळते. कुणीतरी दोन स्टॉलमधल्या फटीतून, दोरांवरून पाय टाकत निघतो. वस्तूंचे स्टॉलवाले गिऱ्हाइकाशी बोलायचं सोडून रांगेतल्यांना ‘जरा सरका’ म्हणायला लागतात. ही शेवटची खूण मला सगळ्यात भरवशाची वाटते, कारण ते लोक दिवसभर एकाच जागी उभे असतात आणि फरक त्यांना आधी कळतो.

प्रत्येक गर्दीखेचक स्टॉलच्या शेपटाला एक स्वयंसेवक ‘रांग इथून’ अशी उंच पाटी घेऊन उभा करा. त्याचं काम माणसं ओरडून हटवण्याचं नाही. रांग वाढेल तसं पाटी घेऊन ठरलेल्या दिशेने सरकायचं. लोक पाटीमागे आपणहून उभे राहतात. रांग कुठवर आली की किती वेळ लागतो हे त्याला माहीत असावं. वरच्या उदाहरणात ३० ऑर्डरींची चौकट भरली म्हणजे वीस मिनिटं. ‘इथून वीस मिनिटं’ असं मोकळेपणाने सांगितलं की काही जण दुसऱ्या स्टॉलकडे वळतात.

तरीही चौकट ओसंडली तर या क्रमाने करा. आधी शेपूट मोकळ्या भागात न्या. मग पदार्थांचे प्रकार कमी करायला लावा. तेवढ्याने भागलं नाही तर नवी टोकनं पंधरा मिनिटं थांबवा आणि तसं पाटीवर लिहा. बाहेर पडण्याचं गेट मात्र कधीही अडवू किंवा अर्धवट बंद करू नका, आणि गल्लीच भरली असेल तर आत येणाऱ्यांना काही मिनिटं गेटाबाहेर थांबवा. बाहेर मोकळ्यावर उभी असलेली माणसं कुरकुर करतील, पण आत दाटीत अडकलेल्यांना सांभाळण्यापेक्षा ते परवडतं.

९. बंद करतानाचा अर्धा तास

शेवटच्या तासात खाण्याच्या स्टॉलवर पुन्हा गर्दी होते, आणि त्याच वेळी वस्तूंचे स्टॉलवाले आवरायला लागून गाड्या आत घ्यायची घाई करतात. रांगेत नवी माणसं घेणं मेळा संपायच्या अर्धा तास आधी बंद करा. पाठीमागे वीस मिनिटांची रांग असेल तर ती वेळेत संपते. रांगेच्या त्या वेळच्या शेवटच्या माणसामागे स्वयंसेवकाने ‘रांग बंद’ची पाटी घेऊन उभं राहायचं. शेवटचा प्रेक्षक बाहेर पडून गल्ल्या रिकाम्या झाल्याचं तुमच्या माणसाने फिरून बघितल्याशिवाय एकही गाडी आत सोडू नका, स्टॉलवाल्याची गाडी सेवेच्या वाटेवर उभी असली तरी.